फोटोचं पेन्सिल स्केच करताना चेहरा हरवू नये म्हणून

मावशीच्या पंच्याहत्तरीला मी तिच्या फोटोचं पेन्सिल स्केच करून फ्रेम केलं होतं. मामाने फ्रेम हातात घेतली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाला, "सुरेख झालंय रे. पण ही कोण?" मावशी तिथेच बसलेली होती.

चूक माझी होती आणि ती बहुतेक सगळ्यांची होते. फोटो उघडायचा, तयार 'स्केच' बटण दाबायचं आणि रेषा छान आल्या म्हणून खूश व्हायचं. रेषा छान येतातच, पण माणूस त्यांच्यातून निसटतो. फ्रेम परत आणून मी ते काम दुसऱ्यांदा केलं. त्या दुसऱ्या वेळची पद्धत इथे क्रमाने लिहितो आहे. सॉफ्टवेअर जिम्प आहे, फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पडद्यावर दिसणारी नावं जशी आहेत तशीच दिली आहेत. आवृत्तीनुसार एखादा शब्द इकडेतिकडे असू शकतो.

## आधी हे कळायला हवं: चेहरा नेमका कुठे हरवतो

फोटोचं स्केच करायची नेहमीची युक्ती अशी आहे. कृष्णधवल फोटोची एक प्रत घ्यायची, तिचे रंग उलटे करायचे, ती धूसर करायची आणि मूळ फोटोवर `Dodge` मोडमध्ये ठेवायची. तयार बटणांपैकी पुष्कळशी आतून हेच किंवा याच्या जवळचं काही करतात.

यात प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारला जातो: तू तुझ्या आजूबाजूपेक्षा गडद आहेस का? गडद असेल तर तो राखाडी उरतो. आजूबाजूसारखाच असेल तर पांढरा होतो, मग तो मुळात कितीही काळा असो. पापणीची कड आजूबाजूपेक्षा गडद असते, म्हणून ती रेष होऊन उरते. पण काळ्याभोर केसांच्या मधला ठिपका आजूबाजूइतकाच काळा, म्हणून तो पांढरा होतो. गालाखालची सावली हळूहळू उतरत जाते, तिला कडच नाही, म्हणून तीही जाते. सावळा रंग चेहऱ्यावर सगळीकडे सारखाच, तोही जातो.

म्हणजे एका झटक्यात माणूस म्हातारा, गोरा आणि सपाट होतो. माणूस ओळखू येतो तो गालाच्या उठावावरून, डोळ्यांच्या खोबणीवरून, नाकाच्या बाजूच्या सावलीवरून. आणि नेमकं तेच जातं. पुढची सगळी खटपट ते परत आणण्यासाठी आहे.

## 1. फोटो निवडणे

इथे घाई केली तर पुढचं काही कामाला येत नाही. तीन गोष्टी बघा.

प्रकाश एका बाजूने आलेला हवा. खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली असते, असा फोटो उत्तम. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावली नसतेच. जी मुळात नाही ती स्केचमध्ये आणणार कुठून?

फोटो फार जवळून घेतलेला नको. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोटो म्हणून आपण ते चालवून घेतो, कारण रंग आणि कपडे ओळख पटवतात. स्केचमध्ये तो आधार उरत नाही आणि नाक तेवढं डोळ्यांत भरतं. चार-पाच फुटांवरून काढलेला फोटो घ्या.

तिसरी गोष्ट, मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार कमी होतो आणि तो दाबला जातो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आणि फोनने 'ब्युटी' लावून सुरकुत्या पुसलेला फोटो असेल तर दुसरा शोधा.

जुना छापील फोटो असेल तर फ्रेममधून बाहेर काढून स्कॅन करा. पासपोर्ट आकाराच्या फोटोला 1200 डीपीआय लावा. 45 मिलिमीटर उंचीचा फोटो तेव्हा साधारण 2100 पिक्सेल उंच होतो आणि चेहऱ्याला पुरेसे ठिपके मिळतात. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा.

सावधान: 'या बाजूने बरा दिसतो' म्हणून फोटो आडवा उलटू नका. भांग, तीळ आणि पदराचा खांदा बदलतो. मूळ माणसाला कदाचित कळणार नाही, कारण तो स्वतःला आरशातच बघत आलेला असतो. घरच्यांना मात्र काहीतरी चुकलंय हे लगेच जाणवतं, भले काय ते सांगता येणार नाही.

## 2. आकार आधी ठरवा, इफेक्ट नंतर

पुढे धूसरपणाचा आकडा द्यायचा आहे आणि तो पिक्सेलमध्ये असतो. हजार पिक्सेलच्या फोटोवर जो आकडा जाड रेष देतो, तोच चार हजारांच्या फोटोवर केसासारखी बारीक रेष देतो. म्हणून इंटरनेटवर कुणी 'वीस ठेवा' असं सांगितलेलं तुमच्या फोटोला लागू पडेलच असं नाही. आणि स्केच आधी करून नंतर फोटो मोठा केला तर रेषा फुगतात, पेन्सिलीऐवजी स्केचपेनने काढल्यासारख्या दिसतात.

आधी फ्रेम ठरवा. मी 8 × 10 इंच घेतली होती. इंचाला 300 ठिपके या हिशोबाने 2400 × 3000 पिक्सेल. फोटो त्या प्रमाणात कापा आणि `Image > Scale Image` मधून त्या मापाला आणा. कापताना डोक्यावर थोडी जागा ठेवा आणि चेहरा, म्हणजे हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, निदान 1000 पिक्सेल उंच असू द्या. मावशीचा 1100 भरला.

आता एक माप घ्यायचं आहे, पुढचे सगळे आकडे त्यावरून निघतील. `Measure` टूलने डोळ्याच्या बुबुळाची रुंदी मोजा, म्हणजे मधल्या गडद वर्तुळाची, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मावशीचं बुबुळ 70 पिक्सेल आलं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

बुबुळच का? मोठ्या माणसांत त्याचा आकार जवळजवळ सारखाच असतो, साधारण बारा मिलिमीटर. चेहरा लांबट असो की गोल, फोटोत माणूस किती मोठा आहे हे बुबुळ अचूक सांगतं.

तपासणी: माप बदलण्याआधीच्या मूळ फोटोत बुबुळ 30 पिक्सेलपेक्षा लहान निघालं तर फोटो ताणू नका. फ्रेम लहान घ्या किंवा दुसरा फोटो शोधा. ताणून मोठ्या केलेल्या डोळ्यात नजर येत नाही.

## 3. साफसफाई, पण चेहऱ्याला हात न लावता

हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत सगळीकडे बारीक दाणे असतात. फोटोत ते दिसत नाहीत, स्केचमध्ये मात्र गालावर मिरपूड भुरभुरल्यासारखे उठतात. `Filters > Enhance > Noise Reduction` हलका लावा, इतकाच की दाणे जातील आणि भुवयांचे केस सुटे राहतील. भुवई एकसंध पट्टा दिसू लागली की समजा जास्त झालं.

जुन्या फोटोवरचे ओरखडे आणि बुरशीचे डाग `Heal` टूलने काढा. मोह आवरायचा तो सुरकुत्यांचा. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी ही माणसाची सही असते. मावशीची डावीकडची घडी उजवीपेक्षा खोल आहे, कारण ती हसताना एकाच बाजूने हसते. पहिल्या वेळी मी दोन्ही घड्या 'सौम्य' केल्या होत्या.

आता पार्श्वभूमी. मागचे पडदे, खुर्च्या, वीजपेटी हे सगळं रेषा होऊन अंगावर येणार आहे, म्हणून ते आत्ताच काढा. `Free Select` टूलने माणसाभोवती निवड करा, कड थोडी मऊ ठेवा (`Feather edges`, साधारण बुबुळाच्या अर्ध्याइतकी), `Select > Invert` करून पार्श्वभूमी एका सपाट रंगाने भरा.

सावधान: तो सपाट रंग पांढरा नको. गालाला लागून शुभ्र पांढरं आलं तर गालाची कड 'आजूबाजूपेक्षा गडद' ठरते आणि चेहऱ्याभोवती काळपट पट्टा उमटतो. माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. गालाच्या उजळ भागाहून किंचित फिकट राखाडी भरा. सपाट असल्यामुळे तो पुढे आपोआप पांढरा होईल.

## 4. कृष्णधवल करताना कुंकू वाचवा

मूळ रंगीत लेअर तसाच ठेवून त्याची प्रत करा, प्रतीला 'ग्रे' नाव द्या आणि `Colors > Desaturate > Desaturate` उघडा. तिथे `Mode` मध्ये पाच पर्याय असतात. `Luminance` निवडा.

ही बारीकसारीक बाब वाटते, पण मावशीच्या पहिल्या स्केचमध्ये कपाळ कोरं होतं ते यामुळेच. मी `Value` निवडलं होतं, कारण त्यात त्वचा उजळ दिसत होती. तो पर्याय लाल, हिरवा, निळा यांतला सगळ्यात मोठा आकडा उचलतो. मावशीच्या कपाळाचे आकडे साधारण 200, 150, 120. कुंकवाचे 200, 30, 40. दोन्हीकडे मोठा आकडा 200. म्हणजे कुंकू आणि कपाळ एकाच छटेचे झाले, आणि कुंकू गेलं. `Luminance` मध्ये हिरव्याला जास्त वजन असतं, म्हणून कुंकू गडद उतरतं.

ओठांचंही तसंच. ओठ फिकट पडून चेहरा आजारी दिसत असेल तर दोष बहुधा याच पायरीत आहे. फोनमधल्या 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टरवर विसंबू नका. मूळ रंगीत फोटो आणून इथे बदला.

तपासणी: या टप्प्यावर कुंकू, नथ, चष्म्याची काडी, तीळ, मिशीची कड या सगळ्या खुणा स्पष्ट दिसतात का बघा. ग्रे लेअरमध्ये जे नाही, ते स्केचमध्ये येणार नाही.

## 5. दोन वेगळे थर: छटा आणि रेषा

तयार फिल्टरमध्ये धूसरपणाचा आकडा एकच असतो. आकडा लहान असेल तर रेषा नाजूक येतात, पण बुबुळासारखी मोठी गडद जागा आतून पोकळ होते आणि पुतळ्यासारखे डोळे दिसतात. आकडा मोठा ठेवला तर चेहऱ्याला उठाव येतो, पण पेन्सिलीचा नाजूकपणा जातो. म्हणून दोन थर वेगळे करायचे आणि एकमेकांवर ठेवायचे.

आधी छटा:

1. 'ग्रे' लेअरची प्रत करा.
2. प्रतीवर `Colors > Invert`.
3. `Filters > Blur > Gaussian Blur`. `Size X` आणि `Size Y` दोन्हीकडे बुबुळाच्या रुंदीइतका आकडा. माझ्याकडे 70.
4. लेअर पॅनेलमध्ये या प्रतीचा `Mode` बदलून `Dodge` करा.
5. `Layer > New from Visible`. जो नवा लेअर तयार होईल त्याला 'छटा' नाव द्या.
6. उलटी, धूसर केलेली प्रत काढून टाका.

'छटा' कोळशाने हलक्या हाताने घासल्यासारखी दिसायला हवी. नाकाची बाजू, डोळ्यांची खोबण, हनुवटीखालची सावली सौम्यपणे दिसेल आणि कडा मऊ असतील.

आता लेअर पॅनेलमधलं 'छटा' शेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करून तो लेअर लपवा आणि हीच सहा पावलं पुन्हा करा. फक्त धूसरपणाचा आकडा बुबुळाच्या साधारण आठव्या भागाइतका घ्या. 70 चा आठवा भाग नऊच्या आत येतो. मी 8 घेतला. तयार लेअरला 'रेषा' नाव द्या. यात नुसत्या बारीक कडा असतील, चेहरा पोकळ दिसेल. तसाच दिसायला हवा.

सावधान: दुसऱ्या फेरीत 'छटा' लपवायला विसरलात तर `New from Visible` चालू असलेलं सगळं एकत्र उचलतं. 'रेषा' लेअर 'छटा'सारखाच मऊ आला तर आधी हेच तपासा.

आता 'छटा' पुन्हा चालू करा आणि क्रम लावा. सगळ्यात खाली रंगीत मूळ, त्यावर 'ग्रे', त्यावर 'छटा' (`Normal`), त्यावर 'रेषा' (`Multiply`, `Opacity` साधारण 60). 'छटा' अजून फिकी वाटत असेल तर `Colors > Levels` मध्ये मधला आकडा 1 वरून 0.8 पर्यंत खाली आणा. उजव्या टोकाच्या पांढऱ्या बाणाला हात लावू नका. तो आत सरकवला की स्केच चकचकीत दिसतं, पण गालांवरची शेवटची छटा जळून जाते.

## 6. आधार-थर: डोळे, केस आणि वर्ण परत आणणे

इथपर्यंत आल्यावर चेहरा ओळखीचा वाटू लागतो, पण केस अजून पांढरे आहेत. मावशी दर महिन्याला नेमाने केस रंगवते. तिला पांढऱ्या केसांचं चित्र भेट देणं म्हणजे घरात भांडण लावणं.

'ग्रे' ची आणखी एक प्रत करून सगळ्यात वर ठेवा. `Mode` `Multiply`. नाव 'आधार'. मग `Layer > Mask > Add Layer Mask`, पर्याय `Black (full transparency)`. लेअर दिसेनासा होईल. आता मास्कवर मऊ पांढऱ्या ब्रशने जिथे रंगवाल तिथेच मूळ गडदपणा परत येईल. लेअरवर नाही, मास्कवर रंगवता आहात ना, हे एकदा बघून घ्या.

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, पाऊणएक तास तरी.

डोळे. ब्रश बुबुळाच्या अर्ध्या आकाराचा, ब्रशची `Opacity` 40 च्या आसपास. फक्त बुबुळ आणि वरच्या पापणीची रेष भरा, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. बुबुळातला उजेडाचा पांढरा ठिपका सोडा. तो गेला की नजर विझते. खालच्या पापणीला जवळजवळ हात लावू नका. ब्रश बुबुळाबाहेर पसरला तर भोवतालची त्वचा काळवंडते आणि डोळ्याला मार बसल्यासारखा दिसतो. तसं झालं तर काळा ब्रश घेऊन मास्कवर तेवढंच पुसा.

ओठांमधली रेष आणि नाकपुड्या. दोन ओठ मिळतात ती रेष सगळ्यात गडद हवी, विशेषतः कोपऱ्यांत. हसू कोपऱ्यांत असतं. ओठांची बाहेरची कड मात्र गडद करू नका, नाहीतर पुरुषालासुद्धा लिपस्टिक लागते.

केस. मोठा मऊ ब्रश, `Opacity` 30 ते 40, केस वळतात त्या दिशेने फिरवा. कपाळाजवळ हात हलका ठेवा. पिकलेल्या बटा तशाच राहू द्या.

वर्ण. ही गोष्ट फार थोडे लोक करतात. वर म्हटल्याप्रमाणे `Dodge` प्रत्येकाला गोरा करतो. सावळ्या माणसाचं कागदासारखं पांढरं स्केच दिसायला नीटनेटकं असतं, पण ते त्याचं नसतं. खूप मोठ्या ब्रशने, `Opacity` 15 ते 25 ठेवून, सगळ्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर एक सपाट फेरी मारा. चेहऱ्यावर मारून मान विसरलात तर मुखवटा घातल्यासारखं दिसतं.

कपड्यांना आधार लागत नाही. साडीचे काठ नुसत्या रेषांत राहिले तर चित्रच वाटतं, आणि नजर चेहऱ्यावर टिकते.

चष्मा असेल तर काचेवर पडलेली खिडकीची चकाकी साफसफाई करतानाच `Clone` टूलने काढायला हवी होती. नंतर काढणं जिकिरीचं आहे. म्हणून चष्मेवाल्या माणसाचा फोटो घेतलात तर तिसऱ्या टप्प्यात आठवण ठेवा. फ्रेमची काडी डोळ्यांपेक्षा गडद होऊ देऊ नका.

## 7. ओळख पटते का, ते तपासणे

तासभर त्याच चेहऱ्याकडे बघितल्यावर आपली नजर फसते. मी चार गोष्टी करतो.

चित्र पडद्यावर अंगठ्याएवढं लहान करतो. एवढ्यात माणूस ओळखू आला तर छटा बरोबर बसल्या आहेत. लहान असताना ओळखू येत नाही आणि मोठं केल्यावरच येतो, तर सगळा भार रेषांवर पडला आहे. 'छटा' गडद करा किंवा 'रेषा' फिकी करा.

मग `Image > Transform > Flip Horizontally` करून बघतो. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त गडद झाला असेल तर उलट्या चित्रात लगेच दिसतं. बघून झालं की परत सरळ करायला विसरायचं नाही.

नंतर सगळे वरचे लेअर बंद-चालू करत मूळ फोटोशी ताडून बघतो आणि फक्त तीन जागांकडे लक्ष देतो: डोळ्यांचा बाहेरचा कोपरा, नाकाच्या बाजूची सावली, ओठांचे कोपरे.

शेवटची तपासणी माणसाकडून. ज्याला भेटीचं माहीत नाही पण त्या व्यक्तीला जो ओळखतो, त्याला नुसतं चित्र दाखवा आणि गप्प बसा. "ओळख बघू कोण" असंसुद्धा म्हणू नका. मग तो अंदाज बांधायला लागतो. दुसऱ्या वेळी मी मामालाच दाखवलं. त्याने विचारलं, "हा त्या वास्तुशांतीचा फोटो का?" मग मी पुढे गेलो.

## 8. पेन्सिलीचा पोत, पण जपून

कागदाचा पोत हवा असेल तर जाड ड्रॉइंग पेपर स्कॅन करून तो सगळ्यात वर `Multiply` मध्ये, `Opacity` 20 ते 30 वर ठेवा. चेहऱ्याच्या मधल्या भागात मास्कने आणखी कमी करा, कारण पोताचा दाणा नेमका बुबुळावर आला तर डोळा तिरळा वाटतो. तिरक्या पेन्सिल-फटकाऱ्यांचे तयार थर मिळतात, मी ते वापरत नाही. ते गालाच्या गोलाईकडे न बघता सरळ जातात आणि चेहरा सपाट करतात.

खांद्यांखाली चित्र विरत गेलेलं छान दिसतं. मोठ्या मऊ पांढऱ्या ब्रशने, वेगळ्या लेअरवर, खालची कड पुसत जा.

## 9. स्केचऐवजी रंगीत पेंटिंग हवं असेल तर

तयारीचे पहिले तीन टप्पे तसेच. नंतर रंगीत लेअरच्या दोन प्रती करून `Filters > Artistic > Oilify` लावा. खालच्या प्रतीला `Mask Radius` 10 ठेवा, ती कपडे आणि पार्श्वभूमीसाठी. वरच्या प्रतीला 3, ती चेहरा आणि हातांसाठी. तिला काळा मास्क लावून फक्त तेवढा भाग उघडा. त्याही वर मूळ रंगीत फोटोची प्रत ठेवा आणि बुबुळं, पापण्या आणि ओठांची मधली रेष साधारण 60 टक्के परत आणा.

इथे चेहरा हरवतो तो वेगळ्या कारणाने. हा फिल्टर जवळजवळच्या ठिपक्यांचा एकच ठोकळा करतो, आणि ठोकळा डोळ्याच्या पांढऱ्या कोपऱ्यापेक्षा मोठा झाला की माणूस नेमका कुठे बघतोय हेच कळेनासं होतं. वर्णाचा आणि केसांचा प्रश्न इथे येत नाही, कारण रंग जागेवरच असतात. म्हणूनच पहिल्यांदा करणाऱ्याला मी पेंटिंग सुचवतो. स्केचपेक्षा सोपं आहे.

## 10. छपाई

पडद्यावर छान दिसणारी फिकी छटा कागदावर उतरेलच असं नाही. 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा धरला, तर 240 च्या वरच्या छटा छापल्यावर बहुतेक कोऱ्या दिसतात. गालाच्या छटेवर `Color Picker` ठेवून बघा. तिथे 225 च्या आसपास किंवा खाली आकडा असू द्या.

`File > Export As` मधून पूर्ण गुणवत्तेची जेपीईजी किंवा टिफ काढा. फोटो लॅबमध्ये दोन गोष्टी तोंडी सांगा: कागद मॅट हवा आणि करेक्शन करू नका. लॅबमध्ये चित्र उजळायची सवय असते. पांढऱ्यावर पांढरं दिसलं की ऑपरेटर ते 'सुधारतो', आणि आपण तासभर बसवलेला वर्ण तिथे पुसला जातो. ग्लॉसी कागदावर पेन्सिल पेन्सिल वाटत नाही, वर काचेची आणखी चमक येते.

पेंटिंग कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणणार असाल तर चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्तीची पार्श्वभूमी सोडा. ती कड चौकटीमागे वळते. न सोडल्यास डोक्यावरची जागा किंवा खांदा मागे जातो.

तपासणी: मोठी प्रत काढण्याआधी त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर 4 × 6 ची एक प्रत काढा. त्यासाठी चित्र लहान करू नका, चेहऱ्याचा तेवढाच तुकडा मूळ मापात कापा. प्रत दिवसाउजेडी खिडकीशी धरून बघा. चेहरा फिका वाटला तर 'छटा' लेअरचे `Levels` आणखी थोडे खाली आणा, 'रेषा' मात्र आहे तशीच ठेवा.

सगळे लेअर असलेली `.xcf` फाइल जपून ठेवा. मावशीची फ्रेम भिंतीवर लागली त्या रात्रीच तिच्या तिन्ही मुलांचे फोन आले, प्रत्येकाला एक हवी होती, आणि धाकटीला थोडी मोठी.